समुद्राच्या वाट्याचा गाळ

दरवर्षी १ जुलैला नांदेड जिल्ह्यात धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्याचे चौदा दरवाजे वर उचलले जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे ते २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवायचे आणि पुढे १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खालच्या राज्याला सोडायचं. हे नीट पाळलं जातं की नाही हे बघायला केंद्रीय जल आयोग आणि दोन्ही राज्यांचे प्रतिनिधी नेमलेले आहेत. पाणी किती, कधी, कुणाचं, याची नोंद होते. त्या पाण्यात विरघळल्यासारखी दिसणारी जी माती त्याच दरवाजांतून खाली जाते, तिच्याबद्दल मात्र कुणी कुणाला विचारत नाही.

मी गंगथडीतला. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. पहिल्या पुराचं पाणी हंड्यात भरून ठेवलं की दुसऱ्या दिवशी तळाशी बोटभर काळा गाळ बसायचा. आजी त्यात तुरटी फिरवायची आणि तासाभरात वरचं पाणी नितळ व्हायचं. पूर ओसरला की मळीच्या रानात पोयट्याचा नवा थर दिसायचा, त्यावर रब्बीला काहीही टाका, उगवायचंच. पण तो नदीच्या मालाचा किरकोळ भाग होता. बाकीचा कुठे जातो हा प्रश्न मला फार उशिरा पडला. गोदावरी जिथे समुद्राला मिळते तिथे, आंध्रातल्या अंतर्वेदीला उभा राहिलो तेव्हा. पायाखालची जमीन सपाट, नारळाची, भाताची, मैलोन्‌मैल एकही दगड नसलेली. ती सगळी वाहून आलेली आहे, आणि तिच्यातला बराच भाग दख्खनच्या काळ्या मातीचा आहे.

माझं म्हणणं असं आहे की गोदावरी-कृष्णेच्या पाणीवाटपात गाळाचाही वाटा मोजला आणि मानला गेला पाहिजे. नदीत एकदा उतरलेली माती आणि वाळू ही मुखाजवळच्या प्रदेशाची आहे. ती अडवणाऱ्या प्रत्येक बांधकामाने तिचा जाब दिला पाहिजे. हे का म्हणतो ते पटवून द्यायचं तर आधी नदी समुद्राला मिळते तिथे नक्की काय होतं ते बघावं लागेल, कारण शाळेतल्या ‘त्रिभुज प्रदेश’ या धड्यात ते दोन ओळींत उरकलेलं असतं.

नदी डोंगरातून येते तोवर तिला उतार असतो. उतारामुळे वेग आणि वेगामुळे ओझं वाहण्याची ताकद. गोदावरी पूर्व घाटातल्या पापीकोंडांच्या अरुंद खिंडीतून सपाटीवर येते, राजमहेंद्रीखाली धवळेश्वरमला तिचे फाटे फुटतात. पूर्वेची गौतमी, पश्चिमेची वसिष्ठ, आणि वसिष्ठेतून निघालेली वैनतेय. मुखाशी पोचल्यावर पाण्याला उतार असा उरतच नाही. काठांनी धरून ठेवलेला प्रवाह मोकळ्या समुद्रात शिरतो, दोन्ही बाजूंना पसरतो, आणि पसरला की त्याचा वेग पडतो. सगळ्यात आधी जड वाळू खाली बसते, तीही मुखाच्या अगदी समोर, प्रवाहाच्या मधोमध. पाण्याखाली वाळूची एक रास तयार होते. पुढचा पूर आला की त्याला ही रास आडवी येते, मग तो तिला दोन्ही बाजूंनी वळसा घालतो. एका मुखाची दोन मुखं होतात. दोघांच्याही समोर पुन्हा राशी पडतात. फाटे फुटण्याचं मूळ कारण हे आहे. नदी स्वतःच्याच वाटेत जमीन टाकते आणि मग त्या जमिनीला टाळून पुढे जाते.

बारीक चिकणमातीचं मात्र वेगळं आहे. तिचे कण इतके लहान असतात की गोड्या पाण्यात ते दिवसेंदिवस तरंगत राहतात. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. खाऱ्या पाण्यात क्षारांचे धन भाराचे आयन भरपूर असतात. ते हा भार झाकून टाकतात, कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके जड झाल्यावर खाली बसतात. आजी हंड्यात तुरटी फिरवायची तेव्हा हेच घडत होतं. समुद्र नदीच्या मुखाशी तेच काम करतो, फक्त हंडा फार मोठा आहे.

यानंतर लाटांचं काम सुरू होतं. पूर्व किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत लाटा किनाऱ्याला तिरप्या येऊन आदळतात आणि मुखातली वाळू उत्तरेकडे सरकवत नेतात. वाळूचे लांबट बांध उभे राहतात, त्यांच्या मागे चिखल साचतो, चिखलात कांदळवन रुजतं, त्याची मुळं आणखी चिखल धरून ठेवतात. मग नव्या वाळूचा पुढचा बांध. गोदावरीच्या फाट्यांमधल्या कोनसीमेत फिरलं की समुद्राला समांतर अशा जुन्या वाळूच्या रांगा अजून दिसतात. गावं त्या उंच रांगांवर वसलेली आणि भातखाचरं दोन रांगांमधल्या सखल पट्ट्यात. प्रत्येक रांग म्हणजे कधीकाळचा समुद्रकिनारा. काकिनाड्याजवळ गौतमीच्या वाळूचा असाच एक दांडा उत्तरेकडे वाढत जाऊन सोळा किलोमीटरच्या आसपास लांब झाला. त्याच्या आडोशाला काकिनाड्याचं बंदर शांत राहतं आणि कोरिंगाचं कांदळवन उभं आहे. हा दांडा भूशास्त्राच्या मानाने कालचा आहे, त्याचं वय गेल्या दोनेक शतकांत मोजता येतं.

इथे कोकणातला वाचक विचारेल, मग आमच्याकडे असा प्रदेश का नाही? वाशिष्ठी, सावित्री, शास्त्री, मांडवी, झुवारी या सगळ्यांना खाड्याच का? सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, जगाचं बरंच पाणी बर्फात अडकलेलं असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. सगळ्या नद्यांनी त्या खालच्या समुद्राच्या दिशेने खोल दऱ्या कोरल्या. बर्फ वितळला, समुद्र वर आला आणि त्या दऱ्या बुडाल्या. बुडालेली दरी म्हणजेच खाडी. साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी पातळी बरीचशी स्थिरावली, तेव्हा पूर्वेला आणि पश्चिमेला, दोन्हीकडे नद्यांपुढे एकच काम होतं, ही बुडालेली दरी मातीने भरून काढणं. गोदावरीने ती भरली आणि भरून झाल्यावर समुद्रात पुढे सरकली. वाशिष्ठीची अजून भरते आहे.

फरक मालाचा आहे. गोदावरीचं खोरं तीन लाख बारा हजार चौरस किलोमीटरचं. त्यातलं जवळजवळ निम्मं महाराष्ट्रात. वाशिष्ठीचं खोरं त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढंही नाही. कोकणातल्या नद्या सह्याद्रीच्या कड्यावरून उडी मारतात आणि काही तासांत खाडीला लागतात. त्यांच्याकडे पाऊस पुष्कळ आहे, पण माती गोळा करायला देशच नाही. शिवाय भरती-ओहोटी. काकिनाड्याला भरती-ओहोटीतलं अंतर मीटर-दीड मीटरच्या घरात, मुंबईला उधाणात ते पाच मीटरच्या आसपास जातं. दिवसातून दोनदा आत शिरून दोनदा बाहेर ओढणारं पाणी मुखासमोरची रास टिकू देत नाही. नर्मदा तर मोठी नदी, माल भरपूर आणणारी. पण खंभातच्या आखातातलं प्रचंड उधाण तिचं मुख फनेलासारखं उघडं ठेवतं.

खाडीत गाळ साचत नाही असं मात्र नाही. खारं पाणी जड असल्यामुळे तळाने आत सरकतं, गोडं पाणी वरून बाहेर जातं, आणि जिथे दोघांची गाठ पडते तिथे पाणी सगळ्यात गढूळ असतं. समुद्राकडचा चिखलसुद्धा तळाच्या पाण्याबरोबर आत ओढला जातो. म्हणून खाडीकाठची खाजणं हळूहळू उंच होतात, म्हणून चिपळूणजवळच्या गोवळकोटला जिथे एकेकाळी गलबतं यायची तिथली खाडी उथळ झाली. कोकणाला गाळ नकोसा आहे, कोनसीमेला तो हवा आहे. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, आणि म्हणूनच ‘गाळ काढा’ असा सरसकट हुकूम कुठल्याच नदीला लागू करता येत नाही.

आता मूळ वादाकडे येतो. अशी जमीन एकदा तयार झाली की ती कायमची झाली, असं आपण धरून चालतो. ती तशी नसते. ओल्या चिखलाचे थर स्वतःच्या वजनाखाली दबत जातात, त्यातलं पाणी पिळून निघतं, पृष्ठभाग खाली बसतो. भूगर्भातून पाणी उपसलं तर आणखी बसतो. वर समुद्र चढतो आहे. मुखावरच्या वाळूला लाटा रोज उत्तरेकडे नेत असतात. म्हणजे हा प्रदेश टिकतो तो खर्च आणि भरणा यांच्या तोलावर. खर्च दररोज चालू आहे, भरणा फक्त पुरातून होतो.

आणि भरणा घटला आहे. १९७० च्या दशकात गोदावरीच्या शेवटच्या टप्प्यात पाण्यात तरंगत येणारा गाळ वर्षाला सुमारे पंधरा कोटी टन मोजला जात होता. १९९० च्या दशकात तो सहा कोटी टनांच्या खाली आला. कृष्णेचं तर विचारूच नका, तिचा गाळ नव्वद टक्क्यांहून अधिक आटला आहे. याच काळात, १९७६ ते २००१ मध्ये, गोदावरीच्या मुखाकडच्या किनाऱ्याने झीज आणि भर यांची वजाबाकी करून सुमारे अठरा चौरस किलोमीटर जमीन गमावली, असं उपग्रह चित्रांच्या तुलनेतून दिसलं. हजारो वर्षं पुढे सरकत आलेला किनारा मागे फिरला.

या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध आहे का, हे ढोबळ हिशेबाने तपासून बघता येतं. तूट वर्षाला साधारण नऊ कोटी टनांची. साचलेल्या गाळाचा एक घनमीटर सव्वा ते दीड टन भरतो असं धरलं, तर ही तूट सात कोटी घनमीटरच्या आसपास जाते. यातला बहुतेक भाग खोल समुद्रात निघून जाणार हे मान्य करू आणि दहातला एकच हिस्सा मुखाजवळ राहिला असता असं समजू. सत्तर लाख घनमीटर. मुखाजवळ पाणी पाच मीटर खोल असेल तर तेवढ्या मालाने दीड चौरस किलोमीटरच्या जवळपास नवी जमीन वर येते, दरवर्षी. पंचवीस वर्षांत पस्तीस चौरस किलोमीटर. अठरा चौरस किलोमीटरची घट समजायला एवढं पुरे आहे. हिशेब ढोबळ आहे, पण तुटीचा आकार आणि नुकसानीचा आकार एकाच मापाचे आहेत एवढं त्यातून कळतं.

मग तो माल अडला कुठे? याचं उत्तर बघायला समुद्रापर्यंत जायची गरज नाही. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बंधारा बांधला गेला. बंधाऱ्यामागे पाणी थांबलं, वेग पडला, आणि नदीने समुद्रमुखाशी जे केलं असतं ते तिथेच केलं. आधी वाळू टाकली, मग चिखल, मग मधोमध बेटं झाली, प्रवाहाला फाटे फुटले, पाणवनस्पती आल्या, पक्षी आले. २०२० साली ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ म्हणून जाहीर झालं. थंडीत तिथे जाऊन फ्लेमिंगो आणि बदकं बघितल्यावर मला आनंद होतो आणि तो आनंद मी नाकारत नाही. पण तो समुद्रापासून हजारभर किलोमीटर अलीकडे तयार झालेला छोटा त्रिभुज प्रदेश आहे, आणि त्याची माती कुठेतरी पोचायची होती.

पैठणच्या नाथसागरात हेच मोठ्या प्रमाणावर होतं. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडीचा जलाशय पन्नास किलोमीटरहून अधिक लांब आहे. लोकांना वाटतं गाळ भिंतीशी साचतो. तो मुख्यतः वरच्या टोकाला साचतो, जिथे फुगवटा सुरू होतो. प्रवरासंगमाच्या बाजूला पाणी ओसरलं की उघडी पडणारी जमीन, ज्यावर गाळपेर होते, ती ही. भिंतीपर्यंत पोचतो तो फक्त बारीक चिखल, आणि त्यासाठी धरणात मृतसाठा आधीच राखून ठेवलेला असतो. धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे गाळ वाहून जाईल हा दुसरा गैरसमज. मोठ्या धरणांच्या सांडव्याचे दरवाजे माथ्याजवळ असतात. त्यांतून वरचं निवळलेलं पाणी जातं, खालचा गाळ हलतसुद्धा नाही.

एकट्या जायकवाडीला आरोपी करणं मात्र चूक ठरेल. गोदावरीला निम्म्याहून अधिक पाणी खाली प्राणहिता, इंद्रावती आणि शबरी यांच्याकडून मिळतं. प्राणहिता म्हणजे आपल्या विदर्भातली वर्धा, वैनगंगा, पैनगंगा. मधे तेलंगणात श्रीरामसागर धरण आहे, वैनगंगेवर गोसीखुर्द आहे, हजारो लहान तलाव आणि बंधारे आहेत. शिवाय पात्रातून ट्रकांनी उचलली जाणारी वाळू. धवळेश्वरमच्या खालीही गाळाला मोकळीक नाही, फाट्यांच्या दोन्ही काठांना पूरबांध आहेत, त्यामुळे पूर आला तरी पोयटा कोनसीमेच्या शेतांवर पसरत नाही, थेट समुद्रात जातो. काकिनाड्याच्या उत्तरेला उप्पाडा हे जामदानी साड्यांचं गाव समुद्र दरवर्षी खातो आहे, काकिनाड्याहून तिकडे जाणारा किनारी रस्ता वादळात पुन्हा पुन्हा तुटतो. तिथे दोष फक्त धरणांचा नाही. दक्षिणेकडून येणारी वाळू वाटेतला तो लांब दांडा आणि बंदराची बांधकामं अडवतात, उप्पाड्यापर्यंत ती पोचतच नाही. कारणं अशी गुंतलेली आहेत. पण गुंतागुंत आहे म्हणून मोजायचंच नाही हे मला मान्य नाही, कारण न मोजण्याचा फायदा नेहमी वर बसलेल्याला मिळतो.

आणि वर बसलेले आपण आहोत. कृष्णेसाठी आणि गोदावरीसाठी बच्छावत लवाद बसला, गोदावरीचा अंतिम निवाडा १९८० साली आला. त्यात कुठल्या धरणातून कुणाला किती टीएमसी हे बारकाईने ठरलं. नदी म्हणजे पाणी, हे त्यामागचं गृहीतक होतं आणि त्या काळी सगळ्यांचंच होतं. अडलेल्या गाळाचा विचार झाला तो धरणाचं आयुष्य किती कमी होईल एवढ्यापुरता. म्हणजे गाळ हा धरणाचा रोग मानला गेला. तो खालच्या कुणाचा तरी पुरवठा आहे असं कुणी धरलं नाही.

याला एक वजनदार आक्षेप आहे आणि तो माझ्याच गावातला शेतकरी घेईल. आमची माती वाहून जाते ती आम्ही का सोडायची? समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या नमुन्यांवरून असं दिसतं की गेल्या काही हजार वर्षांत गोदावरीच्या गाळात दख्खनच्या काळ्या मातीचं प्रमाण वाढत गेलं. पाऊस कमी होत गेला, रान उघडं पडलं, शेती वाढली, आणि धूप वाढली. म्हणजे कोनसीमेची समृद्धी काही अंशी आपल्या धुपीवर उभी आहे. मग ती धूप चालू ठेवायची का?

नाही. शेताच्या बांधावर अडवलेली माती ही शेतकऱ्याचीच, आणि समतल चर, बांधबंदिस्ती, ताली ही कामं आणखी झाली पाहिजेत. माझा भेद वेगळ्या ठिकाणी आहे. शेतात अडवलेली माती पीक देते. नदीत उतरून धरणाच्या तळाशी बसलेली माती कुणालाच काही देत नाही. ती वर साठवण कमी करते आणि खाली किनारा उपाशी ठेवते. शिवाय मुखाला सगळ्यात जास्त गरज आहे ती वाळूची, कारण दांडे आणि बांध वाळूचे होतात, आणि वाळू काही आमच्या शेताची नाही. ती पात्रातून तळाने घरंगळत जाते. दुर्दैवाने जल आयोगाच्या केंद्रांवर नियमित मोजला जातो तो पाण्यात तरंगणारा गाळ. तळाने सरकणाऱ्या मालाची नियमित नोंद होत नाही. किनारा बांधणारा मालच खातेवहीबाहेर आहे.

२०१७ साली राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. पाझर तलाव आणि लहान तलावांतला गाळ शेतकऱ्याने स्वतःच्या रानात नेऊन टाकायचा. चांगली योजना आहे, आमच्या भागात हलक्या जमिनी त्याने सुधारल्या. पण मोठ्या नदीच्या बाबतीत तिच्यावर विसंबता येत नाही. गोदावरीची वर्षाची नऊ कोटी टनांची तूट दहा टनी ट्रकांनी उचलायची म्हटली तर नव्वद लाख खेपा होतात, म्हणजे वर्षभर रोज पंचवीस हजार. नदीचं ओझं नदीच वाहू शकते. आपण करायचं ते एवढंच की ज्या दिवसांत ती वाहते त्या दिवसांत तिच्या वाटेतून बाजूला व्हायचं.

ते दिवस थोडे असतात. वर्षाचा बहुतेक गाळ पावसाळ्यातल्या काही पुरांत येतो, आणि पहिले पूर सगळ्यात गढूळ. इजिप्तमध्ये १९०२ साली अस्वानला पहिलं धरण बांधलं तेव्हा इंजिनिअरांनी हे ओळखलं होतं. नाईलचा गढूळ पूर आला की तळाचे दरवाजे उघडे ठेवायचे, गाळ जाऊ द्यायचा, आणि पूर ओसरून पाणी निवळू लागलं की अडवायचं. अनेक दशकं ते धरण असं चाललं. १९६४ पासून वरच्या बाजूच्या उंच धरणात पूर साठवायला सुरुवात झाली, १९७० साली ते धरण पूर्ण झालं, आणि नाईलचा गाळ जवळजवळ पूर्ण थांबला. नाईलच्या रोझेटा फाट्याच्या मुखाचा किनारा त्यानंतर झपाट्याने खचला.

पण उदाहरणासाठी इजिप्तला जायचीही गरज नाही, आपल्याकडे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. दगडी खांब, खांबांच्या खाचांत बसवलेले बर्गे. पावसाळ्याआधी बर्गे काढायचे, नदी मोकळी सोडायची. पाऊस संपत आला की ऑक्टोबरात बर्गे घालून शेवटचं, निवळ पाणी अडवायचं. ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांना समुद्रकिनाऱ्याची काळजी नव्हती, त्यांना बंधारा गाळाने भरू द्यायचा नव्हता आणि पुराचा दाब टाळायचा होता. तरी नदीला जे हवं तेच त्यांनी केलं. जिथे बर्गे वेळेवर निघत नाहीत तिथे दोन-चार वर्षांत मागची बाजू भरते, हे कुठल्याही पाणीवापर संस्थेतला माणूस सांगेल. बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात म्हणजे न्यायालयाच्या आदेशाने बाभळी हा एक मोठा कोल्हापूर बंधाराच झाला आहे. कारण पाण्याचं होतं, फायदा गाळालाही झाला. मर्यादा अशी की त्या गाळाला पुढे लगेच श्रीरामसागराचा फुगवटा लागतो आणि तो तिथे बसतो. एका दरवाजाने भागत नाही, वाटेतल्या सगळ्यांनी एकाच सुमारास उघडलं तर माल पुढे सरकेल.

जायकवाडीला हे लावता येणार नाही, हे मी स्पष्ट सांगतो. ते धरण दरवर्षी भरतंच असं नाही. पहिला पूर सोडून द्यायचा आणि दुसऱ्याची वाट बघायची, हा जुगार मराठवाड्याच्या पिण्याच्या पाण्यावर खेळायला मी कुणाला सांगणार नाही. पण दरवाजांचे बंधारे आणि बॅरेज गोदावरी आणि तिच्या उपनद्यांवर पुष्कळ आहेत, ते पावसाळ्याच्या पाण्याचा छोटासा हिस्साच धरतात, आणि शेवटच्या महिन्यात भरायला त्यांना अडचण नसते. त्यांच्यापासून सुरुवात व्हावी. ज्या मोठ्या धरणांची आखणी किंवा बांधणी अजून चालू आहे त्यांना तळाशी गाळ सोडणारी द्वारं आहेत का आणि ती पुरात चालवली जाणार का, हे मंजुरीच्या वेळी विचारलं जावं. धवळेश्वरमच्या अगदी वरच्या अंगाला पोलावरम धरण उभं राहतं आहे. तिथे अडलेला प्रत्येक टन हा समुद्राच्या दारातून परत फिरलेला टन असेल, म्हणून तिथली गाळाची नियमावली पाण्याच्या नियमावलीइतकीच सविस्तर आणि जाहीर हवी. वाळूचे लिलाव करताना जिल्हा फक्त आपल्या घाटाचा हिशेब मांडतो. वरून दरवर्षी किती वाळू त्या घाटावर येते हे मोजल्याशिवाय किती उचलायची हे ठरवणं म्हणजे खातं न बघता चेक फाडणं आहे.

महाराष्ट्राने आपल्या हातातलं एक काम लगेच करावं. प्रत्येक मोठ्या प्रकल्पात वरून आलेला आणि खाली गेलेला गाळ, पाणीसाठ्याच्या रोजच्या आकड्यांशेजारी, दर पावसाळ्यात प्रसिद्ध करावा. पावसाळा लागला की आपण रोज सकाळी जायकवाडी किती टक्के भरलं ते वाचतो. त्याच रकान्याच्या शेजारी किती माती आत आली आणि किती पुढे गेली हेही लिहिलेलं असावं. आणि १ मार्चला बाभळीला ०.६ टीएमसी सोडताना जो कागद तयार होतो, त्यावर मागच्या पावसाळ्यात त्या चौदा दरवाजांतून किती गाळ खाली गेला, याचीही एक ओळ असावी.